‘आयओ गेला’ म्हणून साडेपाच हजार: लॅपटॉपच्या कळा बंद पडल्या तर हे आधी वाचा

माझ्या फोंड्याच्या भाचीकडून चवथीच्या तोंडावर एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने साडेपाच हजार रुपये काढले. काम फार तर दहा मिनिटांचं होतं. मी स्वतः बरीच वर्षं याच धंद्यात आहे, त्यामुळे नेमकं काय घडलं ते मला लॅपटॉप उघडून बघता आलं. ते सगळं इथे लिहितो, कारण परीक्षा आणि सबमिशनच्या दिवसांत हीच थाप अनेक मुलांना मारली जाते.

कॉलेजात दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रोजेक्ट द्यायचा होता. रिपोर्टचं शेवटचं प्रकरण बाकी होतं. संध्याकाळी टाइप करता करता 2, W, S आणि X या चार कळा मेल्या. बाकी सगळ्या ठणठणीत. तिने लॅपटॉप बंद करून परत चालू केला, तर पासवर्डातच S. आत जाता येईना. मला फोन लावला, पण मी रत्नागिरीहून गाडीने येत होतो आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज कुठली? मग ती आईबरोबर एका उघड्या दुकानात गेली.

तिथल्या माणसाने यूएसबीचा कीबोर्ड लावला आणि S दाबून दाखवला. आला. मग म्हणाला, “बघ बाय, बाहेरचा चालतो, आतला चालत नाही. म्हणजे मदरबोर्ड गेला. आयओ चिप बदलावी लागेल. आज नाही केली तर उद्या चालूच होणार नाही, डेटा पण जाईल.” ताईने विचारलं, “भाऊ, थोडं कमी नाही का होणार?” तर म्हणाला, “वहिनी, चिपच महाग.” साडेपाच हजार आधी यूपीआयने घेतले, लॅपटॉप आत नेला आणि तासाभराने चालू करून दिला. बिल नाही. काढलेली चिप दाखवली नाही.

त्या रात्री तिचा रिपोर्ट पूर्ण झाला आणि वेळेवर गेला. काही दिवसांनी त्याच चार कळा पुन्हा बंद. ती दुकानात गेली तेव्हा उत्तर मिळालं, “आता दुसरा फॉल्ट असणार.” तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे आला.

कोणत्या कळा मेल्या यावरूनच मला पहिली शंका आली. लॅपटॉपच्या कीबोर्डात प्रत्येक कळीला वेगळी तार नसते. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर आडव्या-उभ्या वाहक रेघा छापलेल्या असतात आणि कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना टेकतात. या सगळ्या रेघा एका चपट्या रिबनमधून मदरबोर्डवरच्या बारीक कनेक्टरात जातात. एका रेघेचा संपर्क तुटला की तिच्यावरच्या सगळ्या कळा एकदम जातात. पुष्कळ कीबोर्डांत 2, W, S, X एकाच रेघेवर असतात. म्हणून अशा ठरावीक कळांचा गट मेला की आधी रिबन आणि कीबोर्ड तपासायचा असतो, चिप नाही.

दुसरी गोष्ट चिपची. लॅपटॉपवाले ज्याला आयओ म्हणतात ती चिप कळा तर वाचतेच, पण पॉवर बटण, चार्जिंग आणि मशीन चालू होण्याचा क्रमही तीच सांभाळते. ती खरोखर गेली तर बहुतेक वेळा लॅपटॉप चालूच होत नाही. इथे तो चालू होत होता, चार्जही होत होता. पाणी किंवा चहा सांडल्यावर त्या चिपची एखादी पिन किंवा बोर्डवरची रेघ खराब होऊ शकते, हे खरं. पण तसं ठरवायचं तर त्याच कनेक्टरात दुसरा, चालू असलेला आतला कीबोर्ड जोडून बघावा लागतो. तरीही त्याच कळा मेलेल्या राहिल्या तर बोर्डाचा दोष. चालू लागल्या तर जुना कीबोर्ड किंवा त्याची रिबन. या दुकानदाराने ती चाचणी केलीच नाही. यूएसबी कीबोर्डाने विंडोज ठीक आहे एवढंच कळतं. तो कीबोर्ड आतल्या कनेक्टरातून जातच नाही, मग त्यावरून मदरबोर्ड खराब कसा ठरला? ताईला मात्र तो पुरावाच वाटला. मला सगळ्यात जास्त राग याच लबाडीचा आला.

मागचं झाकण काढलं. रिबनच्या टोकाशी एक संपर्कपट्टी पार काळवंडली होती. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात, खिडकीशी ठेवलेल्या लॅपटॉपचे संपर्क गंजणं नवल नाही. रिबनवर पिवळ्या टेपची घडी घालून ती कनेक्टरात घट्ट कोंबली होती. हीच ती ‘चिप बदली’. बोर्डवरची आयओ चिप मी भिंगाखाली पाहिली. चिप बदलली की पायांभोवती नवं सोल्डर दिसतं, बहुधा फ्लक्सचा चिकट डागही राहतो. इथे कारखान्यातलं जुनं, एकसारखं सोल्डर आणि वर्षांची धूळ. तिला कोणी हातही लावलेला नव्हता. मी सगळ्याचे फोटो काढले आणि मगच टेप काढली.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसून पाहिली, पण थरच उडाला होता, म्हणून कीबोर्ड बदलला. त्या मॉडेलचा १,३५० रुपयांना मिळाला. काही लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी बसवलेला असतो, तिथे मजुरी जास्त पडते आणि ती रास्त असते.

त्या रात्री तिला खरी गरज दुरुस्तीची नव्हतीच. विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर उजवीकडे खाली सुलभतेचं चिन्ह असतं, त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. त्यावर माऊसने S दाबून पासवर्ड घालता येतो. आत गेल्यावर तोच कीबोर्ड Win + Ctrl + O ने उघडतो. पुढचं टाइपिंग कुणाचाही यूएसबी कीबोर्ड आणून करता येतं, नवाही साधारण पाचशेच्या आत मिळतो. दुरुस्ती सबमिशननंतर, दिवसाउजेडी, समोर बसून करून घ्यायची. ‘चिप गेली’ म्हणाले तर दुसरा कीबोर्ड जोडून दाखवायला सांगा आणि काढलेला भाग परत मागा. प्रामाणिक कारागीर दोन्ही गोष्टी कुरकुर न करता करतो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार दिली. पैसे यूपीआयने गेले होते म्हणून नोंद होती, शिवाय फोटो होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे शुल्कही लागत नाही. तक्रारीनंतर दुकानदाराने स्वतः फोन करून चार हजार परत पाठवले आणि आता बाकीचं सोडून द्या, तक्रार मागे घ्या म्हणून मागे लागलाय. ताई दमली आहे, ती तयार होती. भाची म्हणते, “मामा, दीड हजार माझे आहेत, आणि बिल त्याने अजून दिलेलं नाही.” आयोगाकडे द्यायचा अर्ज आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत.