“61 सिलेक्शन!” म्हणजे नेमकं काय? फी भरण्याआधी वाचा

नीटच्या निकालादिवशी एका क्लासने टाकलेली कॅप्शन अशी होती: “आमचे 61 विद्यार्थी सिलेक्ट! रँक 312!” ती वाचून एका पालकांनी दोन वर्षांच्या बॅचची पूर्ण फी एकरकमी भरली. काही महिन्यांनी त्यांना खरा हिशोब कळला. 61 पैकी 40 जणांनी फक्त टेस्ट सिरीज घेतली होती आणि 9 जण क्रॅश कोर्सचे होते. ज्या बॅचसाठी पैसे भरले, तिच्यातले फक्त 12. आणि 312 हा प्रवर्गातला क्रमांक होता. गुणपत्रकावर अखिल भारतीय क्रमांक वेगळा छापलेला असतो आणि तो हजारांत होता.

यातला एकही आकडा खोटा नाही, म्हणूनच असा माणूस सहज फसतो. सगळी मेख “सिलेक्ट” या शब्दात आहे. निकालादिवशी कुणाचंच सिलेक्शन झालेलं नसतं, विद्यार्थी फक्त पात्र ठरतो. 2025 मध्ये परीक्षा दिलेल्या सुमारे 22 लाखांपैकी 12 लाखांहून अधिक पात्र ठरले आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. प्रवेश कुणाला मिळाला हे समुपदेशनाच्या फेऱ्या झाल्यावरच कळतं. त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी “सिलेक्शन” लिहिणारा क्लास एक तर घाईत आहे किंवा फारच हुशार.

पोरांचं कौतुक खरेपणानेही करता येतं. त्याच क्लासला असं लिहिता आलं असतं:

“नीट 2025: दोन वर्षांच्या वर्गातले 38 विद्यार्थी परीक्षेला बसले, 12 पात्र ठरले. शिवाय टेस्ट सिरीजचे 40 आणि क्रॅश कोर्सचे 9 जण पात्र. प्रवर्गातील सर्वोत्तम क्रमांक 312 (टेस्ट सिरीज). सर्वांचं मनापासून अभिनंदन! प्रत्यक्ष प्रवेशांची यादी फेऱ्या संपल्यावर देऊ.”

यात 38 हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच जाहिरातीत सापडत नाही. किती बसले हे कळल्याशिवाय 12 जास्त की कमी, कसं ठरवणार?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापला तर क्रमांकासोबत त्याने कोणता कोर्स घेतला, किती मुदतीचा आणि फी भरून की मोफत, हे सांगावं लागतं. विद्यार्थ्याची लेखी संमतीही निकालानंतर घ्यायची. प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच घेतलेली सही चालत नाही. तळटीपही मुख्य दाव्याइतक्याच अक्षरांत हवी. कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या ओळीने सुटका होत नाही.

फी भरण्याआधी कॅप्शनचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण नंतर ती गुपचूप बदलली जाते. मग क्लासला लेखी विचारा: मी घेतोय त्याच बॅचमधून किती बसले आणि किती जणांना प्रवेश मिळाला? उत्तर टाळलं तर पैसे भरू नका. भरून बसला असाल, तर तोच स्क्रीनशॉट आणि पावती हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.