तीन महिन्यांची शुगर दोघांची ७.२, मग सेन्सर कुणाला लावायचा?

घरात दोन शुगरवाले असले की रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लागते. यावलकडचे केळीवाले आप्पा आणि धुळ्याच्या मावशी अशी जोडी धरू, दोघांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, ७.२, म्हणजे सरासरी शुगर साधारण १६०. दोघांना "ठीक आहे, चालू ठेवा" हेच ऐकायला मिळतं, पण आता ग्लुकोमीटरवर दिवसभरात सात वेळा तपासलं तर काय दिसू शकतं ते बघा.

मावशी: उपाशीपोटी १४६, नाश्त्यानंतर दोन तासांनी १७८, दुपारी जेवणाआधी १४८, नंतर १७४, रात्री जेवणाआधी १५२, नंतर १८२, पहाटे तीनला १४०.

आप्पा, त्याच वेळांना: ११२, २३८, ६२, २१४, ११८, २७२, १०४.

बेरीज करून सातने भागा, दोघांची सरासरी बरोब्बर १६०. कारण साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि सहसा सुटत नाही, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळाचा सगळा हिशोब त्यात एकत्र होतो, त्यामुळे आप्पांचे २७२ आणि ६२ एकमेकांना खाऊन टाकतात आणि कागदावर फक्त ७.२ उरतं.

हा चढउतार मोजायला स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते, काढून सरासरीने भागतात आणि टक्क्यात लिहितात. मावशींचं येतं ११ च्या आसपास, आप्पांचं ५०. ३६ च्या वर गेलं की शुगर अस्थिर धरतात, अर्थात ती रेषा दंडावर लावून दिवसरात्र शुगर नोंदवणाऱ्या सेन्सरच्या बऱ्याच दिवसांच्या आकड्यांसाठी आहे, सात टोच्यांवरून फक्त अंदाज येतो. पण ११ आणि ५० मधला फरक अंदाजातही लपत नाही.

आप्पांचं असं का होतं? सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी, चहा-पोहे, आणि लगेच मळ्यात. ही गोळी स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायला लावते, रक्तात साखर कमी असली तरी लावते, त्यात पायी फिरणं आणि जेवण दोन वाजेपर्यंत लांबलेलं, मग साखर घसरून घाम फुटतो, हात थरथरतात आणि आप्पा म्हणतात ऊन लागलं. जळगावच्या मे महिन्यात कुणालाही ते खरंच वाटेल! मग झाडाखाली बसून तीन-चार केळी आणि गुळाचा खडा, वरून जेवण, की पुन्हा २१४. रात्री शेवभाजीसोबत भाकऱ्या मोजायच्याच नाहीत. मावशींना मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन आहे, ही जोडी सहसा साखर फार खाली नेत नाही, आणि त्यांच्या जेवणाच्या वेळा घड्याळासारख्या.

आता पैसे कशावर घालायचे ते. चौदा दिवसांचा दंडावरचा सेन्सर काही हजारांत जातो, पण दर काही मिनिटांनी नोंद करतो, त्यामुळे पहाटेची घसरणही सापडते. ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ जावा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, हे बहुतेकांसाठीचं लक्ष्य, म्हाताऱ्या माणसाला खालचा वेळ १ टक्क्याच्याही आत ठेवायला सांगतात. त्रास एवढाच की तो कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, आणि त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटा लो दाखवतो, म्हणून खाली आकडा दिसला की बोटाला टोचून खात्री करायची. घामाने पट्टीही सुटते.

माझ्या मते आप्पांनी एकदा तरी लावावाच, केळी कापणीच्या धावपळीचे दिवस धरून, घरी आराम करताना लावून उपयोग नाही. परवडत नसेल तर आठवड्यातले तीन वेगवेगळे दिवस सात-सात टोचे, आणि "ऊन लागलं" वाटेल तेव्हा सगळ्यात आधी टोचा. मावशींना सेन्सर लावणं म्हणजे पैसे वाया, अधूनमधून जेवणाआधी-नंतर तपासलं तरी पुरे. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, सगळंच थोडं वर आहे, ते डोस आणि चालण्याने खाली येईल. आप्पांना मात्र ७.२ बघून कुणी गोळी वाढवली तर ६२ चं ४५ होऊ शकतं.

चढउताराने डोळे-किडनी वेगळी किती बिघडते यावर डॉक्टरांत अजून वाद आहे, लो होण्याचा धोका वाढतो हे मात्र पक्कं.

आणि नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात, सिकल सेल असलेल्यांनी तर एचबीएवनसीवर विसंबूच नये, त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. उलट लोह कमी असलेल्या बाईचा खोटा जास्त येऊ शकतो. अशांनी डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारावं, नाहीतर सरळ ग्लुकोमीटरची वही घेऊन जावं, प्रत्येक आकड्याशेजारी काय खाल्लं, गोळी किती वाजता घेतली एवढं लिहून.