दहा महिने, चार कुंड्या, एक कुत्रा: पाण्याची आठवण मोबाइलवर लावल्यानंतरचा अनुभव

आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. नळ एक दिवसाआड येतो आणि उन्हाळ्यात कधीकधी तिसऱ्या दिवशी. मी शाळेत शिकवते, घरी सासूबाई असतात, कापूस-तुरीच्या हंगामात बाकी सगळे शेतात. घरात झाडं फार नाहीत. अंगणात पत्र्याच्या सावलीला मोगरा आणि तुळस, आत खिडकीत मनीप्लांट, कोपऱ्यात स्नेक प्लांट. तुळशीला सासूबाई रोज आंघोळीनंतर पाणी घालतात, तिला मोबाइलची गरज नाही. बाकी तिघांना कोणी कधी पाणी दिलं याचा पत्ता कोणालाच नसायचा, म्हणून फेब्रुवारीत मी आठवण लावायला घेतली.

पहिला प्रयत्न फोनमधल्या साध्या कॅलेंडरवर. मनीप्लांटला दर 6 दिवसांनी, सुरुवात 2 फेब्रुवारी. म्हणजे 2, 8, 14, 20, 26. 14 तारखेला आम्ही नातेवाइकाच्या लग्नाला नागपूरला होतो. 18 ला परत आले, माती कोरडी दिसली, भरपूर पाणी घातलं. 20 ला घंटी वाजली, मी आज्ञाधारकपणे पुन्हा घातलं. तीन दिवसांत दोनदा. आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडू लागली आणि मला वाटलं झाड तहानलेलं आहे!

कॅलेंडर सुरुवातीच्या तारखेपासून घरं मोजत जातं, मधे तुम्ही काय केलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाढदिवसाला हे ठीक. कुंडीचं गणित मात्र शेवटच्या पाण्यापासून सुरू होतं.

मार्चमध्ये टुडुइस्ट या कामांची यादी ठेवायच्या ॲपवर आले ते एका उद्गारचिन्हासाठी. त्यात काम लिहिताना तारखेचा भाग इंग्रजीत टाइप करावा लागतो, कामाचं नाव मराठीत चालतं:

```
मनीप्लांट - काडी घालून बघ every! 6 days
```

नुसतं `every 6 days` लिहिलं तर ते कॅलेंडरसारखंच ठरलेल्या तारखांवर चालतं. `every!` लिहिलं की ज्या दिवशी तुम्ही काम झाल्याची खूण करता, त्या दिवसापासून पुढचे सहा दिवस मोजतं. वरच्याच उदाहरणात 18 ला पाणी, 18 ला खूण, म्हणजे पुढची आठवण 24 ला.

याची दुसरी बाजू मला महिन्याभराने कळली. मोजणी खूण करण्यापासून होते, पाणी घालण्यापासून नव्हे. सकाळी घाईत पाणी घालून शाळेत गेले आणि दोन दिवसांनी आठवलं म्हणून खूण केली, तर पुढची तारीखही दोन दिवस सरकते. म्हणून आता हात ओला असला तरी खूण कुंडीजवळ उभं राहूनच करते.

आता त्या "काडी घालून बघ"बद्दल. सुरुवातीला मी "पाणी घाल" असं लिहायची. ते बदलायला मोगऱ्याने भाग पाडलं.

आमच्याकडे कुंडी भरायची तर माती शेतातली, काळीभोर. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तेच कुंडीतही होतं, फक्त भेग मधे न पडता कडेला पडते: मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. मे महिन्यात मोगऱ्याची आठवण मी रोजची केली होती. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची, खालच्या भोकातून लगेच बाहेर यायचं, आणि मी खूश की निचरा किती छान होतो आहे. नवतप्यात पानं दुपारी मलूल व्हायची ती रात्रीही सावरेनात. शेवटी खुरप्याने कडेची माती उकरली तर मधला गोळा ढेकळासारखा कोरडा. पाणी सगळं फटीतून खाली निघून जात होतं, मुळांपर्यंत पोचतच नव्हतं. मोबाइलवर मात्र बारा दिवसांच्या बारा खुणा व्यवस्थित.

उपाय असा केला: कुंडी पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवली, पाणी कुंडीच्या निम्म्यापर्यंत येईल एवढं. वरून थोडं शिंपडलं. मातीतून बुडबुडे येत राहिले, ते थांबायला अर्धा तास लागला. मग बाहेर काढून निथळू दिली. दोन दिवसांत नवी पानं ताठ. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिची माती बदलली: एक भाग काळी माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. तेव्हापासून फट पडलेली नाही.

काळ्या मातीचा दुसरा फसवा गुण म्हणजे वरचा थर वाळून करपलेला दिसतो आणि खाली चिखल असतो. बोटाने वरवर चाचपून काही कळत नाही. मी खराट्याची काडी वापरते: कुंडीच्या निम्म्या खोलीपर्यंत घालायची, मिनिटभर ठेवायची, काढायची. काडीला माती चिकटून आली, काडी गार लागली, तर पाणी नाही. कोरडी आली तर पाणी. मोठी कुंडी हलवून वजन बघणं मला जमत नाही, लहान मनीप्लांटला मात्र उचलूनच कळतं.

म्हणजे आठवण आली की उत्तरं दोन. कोरडं निघालं तर पाणी घालून खूण करायची. ओलं निघालं तर खूण करायचीच नाही, तारीख दोन दिवस पुढे ढकलायची. "बघून झालं ना" म्हणून खूण केली की मोजणी पुन्हा पूर्ण सहा दिवसांची सुरू होते, आणि झाड मधल्यामध्ये वाळतं. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

ढकलण्याचा एक फायदा अनपेक्षित निघाला. तीच आठवण सलग दोन-तीनदा ढकलावी लागली की समजायचं, अंतर चुकलं आहे, ऋतू बदलला. मनीप्लांट फेब्रुवारीत 6 दिवसांवर होता. मेमध्ये बाकी घर भट्टी असताना मी तो आपसूक 3 वर आणला, आणि दर वेळी काडी ओली! कारण तो कूलरच्या खोलीत होता. कूलर चालू असताना खोलीतली हवाच दमट असते. त्याला 5 दिवस पुरले. तोच मनीप्लांट पावसाळ्यात 10 वर गेला, आता थंडीत 8 वर आहे. मोगरा मेमध्ये रोज, आता 4 दिवसांनी. हे आकडे माझ्या कुंड्यांचे, माझ्या मातीचे. तुमच्या प्लास्टिकच्या कुंडीत अंतर वाढेल, कारण मातीची कुंडी भिंतींमधूनही पाणी सोडते.

ऋतू बदलल्यावर सगळी अंतरं एकदा तपासायची, त्यासाठी मात्र उद्गारचिन्ह नको, पक्की तारीखच हवी. तशी तीन कामं आहेत: 1 मार्च, 15 जून, 1 नोव्हेंबर.

15 जूनचं काम यंदा मी खूण करून पुढे गेले, बघितलं काहीच नाही. शाळा सुरू होणार होती, घाई होती. त्याची किंमत स्नेक प्लांटने मोजली. तो 10 दिवसांच्या उन्हाळी अंतरावरच राहिला, कुंडी जुन्याच काळ्या मातीची, आणि मी सवयीने पाणी घालत गेले. काडी? कोपऱ्यातल्या झाडासाठी कोण वाकतं. ऑगस्टमध्ये एक पान आडवं झालं. मला वाटलं मांजर चढलं असेल. हात लावला तर बुडाशी पान मऊ, पाणचट, आणि हलकं ओढताच निसटून हातात आलं. वासही येत होता. पानं मलूल आणि माती कोरडी असेल तर तहान. पानं मलूल आणि माती ओली असेल तर मुळं कुजली आहेत, त्यावर आणखी पाणी म्हणजे आगीत तेल. दोन्हींत झाड वरून सारखंच दिसतं, हीच मोठी पंचाईत.

आणखी एक गोंधळ घरातच होता. एका संध्याकाळी मी मोगऱ्याला पाणी घालायला गेले तर सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "अवं, सकाळीच टाकलं न मी पानी. तुह्या मोबाइलले का मालूम?"

खरंच होतं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. मग आम्ही नदीतला एक पांढरा गोटा आणला. "आई, पाणी घातलं की गोटा भिंतीच्या बाजूला सरकवा, मी मोबाइलवर खूण केली की परत दाराच्या बाजूला आणते." दहा महिन्यांतली सगळ्यात भरवशाची सोय तीच ठरली.

घंटीवर मी विसंबत नाही. फोन बॅटरी वाचवायच्या नादात कधी ती देतच नाही, आणि वर्गात वाजली तर बोटाने सरकवली की विसरलीच. होमस्क्रीनवर आजच्या कामांचं विजेट ठेवलं आहे. खूण करेपर्यंत ते काम तिथून हलत नाही. रेंज नसतानाही खूण होते, नेट आलं की नोंद जुळते.

शेरूचं, आमच्या कुत्र्याचं, थोडक्यात सांगते. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांनी महिन्याने सांगितलं आहे, जंताची गोळी तीन महिन्यांनी, रेबीजची लस वर्षातून एकदा. यांनाही मी `every!` च लावलं, कारण दोन मात्रांमधलं अंतर शेवटच्या मात्रेपासून मोजायचं असतं. गोचिडाचं औषध चार दिवस उशिरा टाकलं आणि पुढचं जुन्या तारखेला टाकलं तर दोन मात्रा जवळ येतात, ते बरं नाही. फरक एवढाच की इथे "बघ" नाही, "दे" असं लिहिलं आहे, आणि ढकलायचं नाही. शेरूची कामं लाल रंगात, झाडांची बिनरंगी.

टुडुइस्टला पाचपैकी चार गुण देते. एक कापला, कारण तारखेचा भाग इंग्रजीत लिहिणं सासऱ्यांना जमत नाही, नाहीतर शेतातली फवारणीही त्यांनी यातच टाकली असती.

कुजलेल्या स्नेक प्लांटची दोन पानं वरून धड होती. त्यांचे चार-चार बोटांचे तुकडे करून, कापलेली कड दोन दिवस सुकवून, ओलसर वाळूत खोचले होते. खालची बाजू खालीच ठेवायची, उलटं खोचलं तर मूळ धरत नाही. आठांपैकी पाच टिकले आणि परवा एकाच्या बुडाशी कोंब दिसला. मूळ झाडाच्या पानांना पिवळी किनार होती, हा कोंब नुसताच हिरवा आहे. पानाच्या तुकड्यापासून केलं की ती किनार जाते. त्याची आठवण 20 दिवसांवर लावली आहे, आणि नावापुढे लिहिलंय: "वाक आणि काडी घाल."