बी.फार्म. झाल्यावर परदेशात फार्मासिस्ट व्हायचंय: आधी परीक्षा, की आधी विमान?

पहिला प्रश्न देशाचा नाही, पदवी किती वर्षांची आहे हा आहे. तो आधी सोडवला नाही तर पैसे आणि वर्षं दोन्ही वाया जातात.

माझ्या ओळखीच्या एकीने 2018 साली चार वर्षांची बी.फार्म. केली, पुढे दोन वर्षांची एम.फार्म. तिचा हिशेब सोपा होता: चार अधिक दोन सहा, आणि अमेरिकेला पाचच वर्षं लागतात. पण अमेरिकेतली एन.ए.बी.पी. ही संस्था बेरीज करत नाही. 1 जानेवारी 2003 किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा मूळ अभ्यासक्रमच किमान पाच वर्षांचा असावा लागतो, एम.फार्म. त्यात धरली जात नाही. म्हणजे परदेशी पदवीधरांसाठीच्या एफ.पी.जी.ई.ई. परीक्षेचा अर्जच पुढे सरकत नाही. सहा वर्षांची फार्म.डी. केलेल्यांना ही अडचण नाही. बाकीच्यांनी अमेरिकेच्या क्लासची फी भरण्याआधी हा एक नियम वाचावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

उरले ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि ब्रिटन. चार वर्षांच्या पदवीला या तिन्हीकडे वाट आहे. खरा फरक आहे तो क्रमाचा.

ऑस्ट्रेलियात परीक्षा आधी येते. ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिल कागदपत्रं तपासून पात्रता ठरवते, मग ओप्रा ही परीक्षा. 2025 पासून तिने जुन्या कॅप्सची जागा घेतली आहे. दोन पेपरांऐवजी आता एकच पेपर, 120 बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास. पण मोठा बदल आतल्या मजकुरात आहे: जवळपास निम्मा भार उपचार आणि रुग्णसेवेवर. त्यामुळे कॅप्सच्या जुन्या नोट्स घेऊन बसलेला विद्यार्थी औषधरसायनशास्त्र पाठ करत राहतो आणि दमा किंवा मधुमेहाच्या रुग्णाचं औषध कधी बदलायचं, तिथे अडकतो. ओप्रानंतर तात्पुरती नोंदणी, देखरेखीखालचं काम, आणि शेवटी लेखी व तोंडी इंटर्न परीक्षा. नापास झालात तरी घरी राहूनच झालेले असता, ही या वाटेची सगळ्यात मोठी सोय.

कॅनडाची सुरुवातही अशीच, पण टप्पे जास्त. आधी फार्मासिस्ट्स गेटवे या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, मग पी.ई.बी.सी. या परीक्षा मंडळाकडून कागदपत्रांची छाननी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग. दुसऱ्या भागात खोलीत एक नट रुग्ण बनून समोर असतो. समजा तो म्हणाला, "गुडघा दुखतोय, आयबुप्रोफेन द्या." मात्रा बिनचूक सांगितलीत, पण "आणखी कोणती औषधं चालू आहेत?" हे विचारलं नाही, तर तो वॉरफरिन घेतो हे कळणारच नाही. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे तुम्हाला पाठ असेलही. पण गुण मिळतात ते विचारल्यावर. चांगले शिकलेले लोक नापास होतात ते इथे. टोरंटो आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांचे ब्रिजिंग अभ्यासक्रम याच सवयीवर मेहनत घेतात. क्वेबेकची पद्धत वेगळी आहे, आणि तिथे फ्रेंच लागतं.

ब्रिटनमध्ये क्रम उलटा. आधी प्रवेश, फी आणि व्हिसा. मग ओस्पॅप हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यानंतर 52 आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी फार्मासिस्टची नोंदणी करणाऱ्या जी.पी.एच.सी. या संस्थेची नोंदणी परीक्षा. तिला तीनच संधी मिळतात. तिचा पहिला भाग निव्वळ आकडेमोडीचा आहे: रुग्णाचं वजन, मात्रा, द्रावणाची तीव्रता, ठिबकाचा वेग. वर्गात बसून शिकायला मिळतं हा फायदा खरा, पण निकाल कळेपर्यंत सगळा खर्च होऊन गेलेला असतो. शिवाय तिथल्या फार्मासिस्टच्या प्रशिक्षणात आता औषध लिहून देण्याचा अधिकारही आला आहे, म्हणून आपल्या तुकडीला कोणते नियम लागतील हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

पैसे मोजके असतील तर मी ऑस्ट्रेलिया सुचवेन. कर्ज फेडण्याची तजवीज असेल आणि एकट्याने अभ्यास होत नसेल, तर ब्रिटन. बोलण्यात सहजता असेल आणि दोन-तीन वर्षं धीर धरता येत असेल, तर कॅनडा.

माझ्या त्या ओळखीच्या मुलीने शेवटी ओप्राची वाट धरली. तिचा अर्ज अडला तो परीक्षेमुळे नाही. पदवीवर वडिलांचं नाव मधे होतं, पासपोर्टवर ते नव्हतं, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचं प्रतिज्ञापत्र करून देईपर्यंत फाइल तिथेच पडून राहिली. गुणपत्रिका मागवायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.