नऊ महिने सीआरएम वापरल्यावर: लीड स्वस्त, बुकिंग महाग

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत आमचा 112 फ्लॅटचा प्रकल्प चालू आहे, सगळे टू बीएचके, करारातली किंमत सरासरी 65 लाख. सेल्सची जबाबदारी माझ्याकडे. गेल्या ऑक्टोबरपर्यंत चौकशा एका एक्सेल शीटमध्ये आणि सहा जणांच्या व्हॉट्सॲपमध्ये विखुरलेल्या असायच्या. दसऱ्याला सीआरएम घेतलं, म्हणजे चौकशीपासून बुकिंगपर्यंत सगळी नोंद एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, आठ जणांची लॉगिन्स. आता नऊ महिने झाले, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण इथे सांगितलेल्या अडचणी जवळपास सगळ्याच सीआरएममध्ये येतात.

जे चांगलं आहे ते आधी. फेसबुकचा फॉर्म असो की घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवरची चौकशी, प्रत्येक लीड, मिनिटभरात कॉलरच्या स्क्रीनवर येते. पोर्टलच्या लीडला हे फार लागतं. तोच माणूस त्याच बैठकीत आणखी चार बिल्डरांना नंबर देऊन बसलेला असतो आणि पहिला फोन ज्याचा जातो त्याच्याशी तो नीट बोलतो. पूर्वी आमचा फोन संध्याकाळी जायचा, आता दहा मिनिटांत जातो. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पण घेतलं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. प्रत्येक चॅनलचं एक बुकिंग कितीला पडतं हे आम्हाला बघायचं होतं, आणि तिथे पहिले तीन महिने आम्ही चुकीचेच आकडे वाचत होतो.

चूक साइट व्हिजिटपासून सुरू झाली. शनिवार-रविवारच्या ठरलेल्या भेटी मुलं सोमवारी सरसकट ‘Site Visit Done’ करून टाकायची. एका सोमवारी मी गेटवरचं वॉचमनचं रजिस्टर मागवलं. सिस्टीममध्ये 31 भेटी, रजिस्टरमध्ये 17 गाड्या. त्यातही तीन कुटुंबं दुसऱ्यांदा आलेली, म्हणजे नव्या भेटी 14च. तेव्हापासून रिसेप्शनवर पाहुण्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो टाकल्याशिवाय भेट नोंदली जात नाही आणि दुसरी भेट वेगळ्या रकान्यात पडते. तुम्ही सीआरएम घेणार असाल तर ही सोय आहे का, हे डेमोतच विचारा.

‘सोर्स’च्या रकान्याचंही तसंच. यादीत होर्डिंग सगळ्यात वर होतं आणि गर्दीच्या वेळी डेस्कवरचा मुलगा वरचाच पर्याय दाबायचा. दोन महिने आमचं होर्डिंग भलतंच चालतंय असं वाटत होतं. शेवटी तो रकाना रिकामाच उघडेल अशी सोय करून घेतली. होर्डिंगचे सुरुवातीचे आकडे मी अजूनही हिशेबात धरत नाही.

आता मुख्य हिशेब. नऊ महिन्यांत फेसबुक-इन्स्टाग्रामवर 10.8 लाख गेले आणि 3,600 लीड आल्या, म्हणजे एक 300 रुपयांना. पोर्टल्सवर 7.2 लाख गेले, लीड 600, म्हणजे एक 1,200 ला. आमचे साहेब दर मीटिंगला विचारायचे, “चौपट पैसे कशाला द्यायचे?” फेसबुकच्या 3,600 मधून साइटवर आले 108, टोकन दिलं 9 जणांनी. पोर्टलच्या 600 मधून आले 60, टोकन 6. भागाकार केला तर दोन्हीकडे बुकिंग 1.2 लाखालाच पडतं. सीआरएमचा डॅशबोर्ड इथेच थांबतो.

टोकन म्हणजे मात्र बुकिंग नव्हे. फेसबुकच्या 9 पैकी 3 रद्द झाली. दोघांचं लोन सिबिलमुळे अडलं. तिसऱ्याने महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे पंधरा दिवसांच्या आत नाही म्हटलं, म्हणून त्याला सगळे पैसे परत. पोर्टलच्या सहाही जणांचं ॲग्रीमेंट रजिस्टर झालं. त्यामुळे खरा आकडा फेसबुकचा 1.8 लाख, पोर्टलचा 1.2 लाख.

त्यात कॉलरचे पगार धरलेलेच नव्हते. दोन मुली, प्रत्येकी 28,000, नऊ महिन्यांचे 5.04 लाख. कॉल लॉग काढला तर त्यांचा पाऊण वेळ फेसबुकच्या लीडवर जात होता: नंबर बंद, “मी नाही भरला फॉर्म”, “नंतर करा”. त्या प्रमाणात पगार वाटला की फेसबुकचं बुकिंग 2.43 लाखाला जातं आणि पोर्टलचं 1.41 लाखाला. 300 ची लीड कुणाला स्वस्त वाटत असेल तर त्याने एकदा हा हिशेब करून बघावा.

याचं कारण फॉर्ममध्ये होतं. फेसबुक प्रोफाइलमधला नंबर आपोआप भरतं, त्यामुळे स्क्रोल करता करता दोन टॅपमध्ये लीड होते. मार्चमध्ये आम्ही फॉर्म ‘Higher Intent’ केला, त्यात सबमिट करण्याआधी माहिती तपासायचा एक टप्पा येतो. बजेट स्वतः लिहायचा प्रश्नही टाकला. लीड निम्म्यावर आल्या, एकेकीचा भाव दुप्पट झाला, एजन्सी नाराज झाली. महिन्याच्या साइट व्हिजिट मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या आणि मुलींचे निम्मे फोन वाचले.

चॅनल पार्टनरकडून, म्हणजे बाहेरच्या दलालांकडून, 14 बुकिंग आली. दोन टक्के दलाली, म्हणजे एका बुकिंगला 1.3 लाख. ॲग्रीमेंट रजिस्टर होऊन दहा टक्के जमा झाल्यावरच आम्ही दलाली देतो, त्यामुळे रद्द बुकिंगचा भार आमच्यावर येत नाही. महाग वाटणारं हे चॅनल प्रत्यक्षात फेसबुकपेक्षा कितीतरी स्वस्त निघालं. गोची वेगळीच आहे. डिसेंबरात चाकणच्या कंपनीत नोकरी करणारं एक जोडपं पार्टनरच्या गाडीतून आलं आणि त्याच आठवड्यात बुकिंग झालं. लोनची कागदपत्रं घेताना नवऱ्याचा नंबर पाहिला आणि शोधला, तर तो नोव्हेंबरात फेसबुकवरून आला होता, आमचे पाच फोन झाले होते. पार्टनरने नोंद बायकोच्या नंबरावर केली होती, म्हणून सिस्टीमला ड्युप्लिकेट कळलं नाही. विचारलं तर म्हणाला, “सर, तुमच्या पाच फोनला ते आले नाहीत. मी दोन रविवार त्यांना फिरवलं.” त्याचं म्हणणं मला पटलं, दलाली पूर्ण दिली. पण त्या बुकिंगवर आमचा दोनदा खर्च झाला आणि रिपोर्टमध्ये तो एकदाच दिसतो. आता व्हिजिट फॉर्मवर नवरा-बायको दोघांचे नंबर घेतो. आमच्याकडे नोंदलेली लीड 45 दिवस आमची, त्यात साइट व्हिजिट झाली नाही तर आणेल त्या पार्टनरची, हा नियम सगळ्या पार्टनरना लेखी दिला.

या सॉफ्टवेअरबद्दल माझी मोठी तक्रार एकच. ते या महिन्याचा खर्च याच महिन्याच्या बुकिंगवर लावतं. आमच्याकडे पोर्टलचा माणूस महिन्याभरात ठरवतो, फेसबुकचा दोन-अडीच महिने घेतो. पितृपक्षात बुकिंग थांबतं, जाहिरात चालू असते, मग तो महिना भयंकर दिसणार आणि दसऱ्याचा महिना उगाच सोन्यासारखा. चौकशी ज्या महिन्यात आली त्या महिन्याच्या खर्चावर बुकिंग लावायला हवं. सपोर्टला तीनदा लिहिलं, “रोडमॅपवर आहे” हेच उत्तर. तोपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला डेटा एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये मीच लावतो, दोन तास जातात.

एक वर्षासाठी रिन्यू केलंय. फेसबुकचं बजेट 40 टक्क्यांनी कमी केलं. त्यातले काही पैसे जुन्या ग्राहकांच्या रेफरलकडे वळवले, तिथे ॲग्रीमेंट झाल्यावर 50,000 मेंटेनन्समधून वजा करतो आणि आतापर्यंत अशी 7 बुकिंग झाली आहेत. त्यातली दोन त्याच चाकणच्या जोडप्याने पाठवली.