हॉटेलातलं जेवण की अजिंक्यतारा?

जिच्याशी तुमचं जमलंय तिच्या मैत्रिणींना पहिल्यांदा भेटायचं तर साताऱ्यात दोन सोयीचे बेत: रात्री हॉटेलात जेवण किंवा सकाळी अजिंक्यताऱ्यावर फेरी. टेबलावर सगळ्या समोर बसतात, प्रश्न तुमच्यावरच येतात आणि उत्तरं मुलाखतीसारखी होतात. विनोदही जरा मोठ्यानंच सांगितला जातो. (बिलावरची ओढाताण वेगळीच.) गडाच्या चढावर दोघं-दोघं चालतात, जोड्या आपोआप बदलतात आणि दम लागला की गप्प राहिलं तरी खपतं. तिथं ‘तुम्ही दोघी कुठं भेटलात?’ एवढं विचारून ऐकत राहा. जुने किस्से सांगायला मैत्रिणी टपलेल्याच असतात. मी गडच निवडेन. कुणाचे गुडघे दुखत असतील तर मात्र जेवण बरं, फक्त मधली खुर्ची टाळा.