खुला लिलाव की ऑनलाइन बोली? बंद कारखान्यातलं यंत्र घेण्याआधी

बंद पडलेल्या कारखान्यात बहुतेकदा वीज तोडलेली असते, त्यामुळे यंत्र चालवून बघता येत नाही. म्हणून लावलेली बोली मागे घेता येते का, हा प्रश्न मला तिथे किमतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

माझ्या ओळखीतला एक वर्कशॉपवाला अशा लिलावाला गेला. एकाच कारखान्याची यंत्रं दोन पद्धतींनी विकायला होती. लेथ सभागृहात खुल्या बोलीने, मिलिंग मशीन ऑनलाइन.

लेथवर त्याने 6 लाखांची बोली लावली. लिलावदार ‘एक वार, दोन वार’ म्हणत असतानाच यंत्राजवळ गेलेला त्याचा फिटर धावत आला. हेडस्टॉकच्या खाली बीडाला तडा गेला होता आणि वेल्डिंग करून वरून रंग मारला होता. वर्कशॉपवाल्याने हात वर करून मोठ्याने सांगितलं, “माझी बोली मागे!” लिलावदाराने ते मान्य केलं आणि बोली पुन्हा मागवली. आधीची 5 लाख 80 हजारांची बोली आपोआप जिवंत झाली नाही. वरची बोली आली तेव्हाच ती संपली होती.

असं करता येतं, कारण बोली हा फक्त प्रस्ताव असतो आणि हातोडा पडला की तो स्वीकारला जातो. 1789 च्या ‘पेन विरुद्ध केव्ह’ या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायालयाने हेच म्हटलं होतं. तिथेही बोली यंत्रसामग्रीवरच होती, दारू गाळण्याच्या.

नंतर त्याला कळलं की लेथची राखीव किंमत 7 लाख होती, पण ती जाहीर केलेली नव्हती. म्हणजे 6 लाखांवर तो सर्वांत वर राहिला असता, तरी विकणाऱ्यावर लेथ देण्याची सक्ती नव्हती. काही ठिकाणी अशी बोली ‘मंजुरीच्या अधीन’ धरून ठेवतात. तेवढे दिवस तुमची अनामत अडकते.

मिलिंग मशीनची राखीव किंमत 9 लाख अशी यादीतच छापली होती. अंदाज बांधत बसावं लागलं नाही. पण अटींमध्ये लिहिलं होतं की पाठवलेली बोली मागे घेता येणार नाही, आणि जिंकून माघार घेतली तर अनामत जप्त होईल. म्हणून त्याने पाहणीचा पूर्ण दिवस तिथेच घालवला. स्पिंडल हाताने फिरवून पाहिला, डायल गेज लावून त्याचा हेलकावा मोजला, टेबलचा हँडल उलटसुलट फिरवून स्क्रूमध्ये किती ढिलाई आहे तेही बघितलं. उचलणं, वाहतूक आणि कर धरून त्याने आपली मर्यादा 9 लाख 60 हजार ठरवली. कोणीतरी त्याच्या वर गेलं आणि तो तिथेच थांबला.

मला विचाराल तर नीट न बघितलेल्या यंत्रासाठी सभागृह बरं, पण तिथल्या अटींमध्येही माघारीला मनाई नाही ना, हे आधी वाचा. यंत्र तपासून झालं असेल आणि राखीव किंमत उघड असेल, तर ऑनलाइन बोली लावायला माझी हरकत नाही.